मुलाखतीआधीच्या खुर्चीवरचं स्वगत लिहिताना

एक प्रसंग घेऊ. तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय. भूगोलाच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा, अकरा उमेदवार. प्राचार्यांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत समिती बसली आहे: संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विषयतज्ज्ञ, विद्यापीठाचे आणि उच्चशिक्षण विभागाचे प्रतिनिधी. बाहेरच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीवर वैशाली, वय छत्तीस, सेट उत्तीर्ण, बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी. तिचा नंबर सातवा. या खुर्चीवरची तिची पाऊण तासाची अस्वस्थता आपल्याला सातशे ते नऊशे शब्दांत लिहायची आहे.

पहिला खर्डा बहुतेक वेळा असा होतो:

«वैशालीच्या हृदयाची धडधड वाढली होती. तिच्या कपाळावर घर्मबिंदू जमा झाले होते. तिच्या मनात विचारांचे काहूर माजले होते. "मला ही नोकरी मिळेल का?" असा प्रश्न तिला सतावत होता. तिला आपले बालपण आठवले. वडिलांनी किती कष्टाने शिकवले होते!»

यात व्याकरणाची एकही चूक नाही, पण वैशालीच्या जागी कुणालाही बसवा, परिच्छेद तसाच राहील. घाबरणं इथे लेखक सांगतोय, वैशाली घाबरताना दिसत नाही. विचार एकीकडे, शरीर दुसरीकडे आणि व्हरांडा तर कुठेच नाही. पुढचं सगळं या परिच्छेदाची दुरुस्ती कशी करायची याबद्दल आहे.

आधी एकच नेमका प्रश्न ठरवा

"नोकरी मिळेल का" ही भीती लिहिता येत नाही, कारण तिला पकडायला काही नसतं. मुलाखतीच्या दाराबाहेर बसलेला माणूस बहुतेक वेळा एका ठरावीक प्रश्नाला घाबरत असतो, जो विचारला जाऊ नये असं त्याला वाटतं. तो प्रश्न लिहायला बसण्याआधी एका ओळीत कागदावर उतरवा. आपल्या प्रसंगात तो असा: "२०२०-२१ मध्ये तुम्ही काय करत होतात?"

त्या वर्षी महाविद्यालयांचे वर्ग भरत नव्हते आणि तासिकेवरच्या अनेकांचं काम गेलं होतं. वैशालीने भावोजींच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलं लिहिली. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, आणि म्हणूनच हा तपशील उपयोगाचा आहे. वाचकाला यात गैर काही दिसत नाही आणि तिला मात्र त्याची धास्ती वाटते, या फरकातून तिचा स्वभाव कळतो. गुपित फार मोठं घेतलं, खोटं प्रमाणपत्र वगैरे, तर स्वगताचं रहस्यकथेत रूपांतर होतं आणि वाचक उत्तराची वाट बघत बसतो.

प्रश्न ठरला की त्याला एक वस्तू जोडा. इथे ती आयती मिळते: कागदपत्रांची प्लास्टिकच्या कप्प्यांची फाइल. सेटचं प्रमाणपत्र, एम.ए.च्या गुणपत्रिका, जातपडताळणी, शोधनिबंधांच्या झेरॉक्स आणि दरवर्षीच्या नेमणुकीला विद्यापीठाने दिलेली मान्यतेची पत्रं. ती पत्रं वर्षवार लावली की एक वर्ष गाळलेलं दिसतं. भीतीला हातात धरता येईल असा आकार मिळाला. आता ती फाइल उघडेल, मिटेल, सारखी करेल, आणि प्रत्येक वेळी कृतीबरोबर विचारही पुढे सरकेल. वस्तू निवडताना एवढंच बघा की ती पात्राजवळ खरोखर असेल आणि तिच्याशी काहीतरी करता येईल. गळ्यातलं लॉकेट कुरवाळता येतं, त्यापलीकडे त्याचं काही करता येत नाही. फाइलशी दहा गोष्टी करता येतात.

शरीर काय करतं ते नीट माहीत असू द्या

धडधड आणि घाम लिहून लिहून बोथट झाले आहेत. भीतीच्या वेळी शरीर याहून बरंच काही करतं आणि त्यातला प्रत्येक बदल एखाद्या कृतीत अडथळा आणतो. तो अडथळा लिहायचा.

त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे बोटं गार पडतात. तळव्यांना मात्र घाम सुटतो, कारण तळव्यांच्या घामग्रंथी उन्हापेक्षा मनावरच्या ताणाला जास्त जुमानतात. म्हणजे हात एकाच वेळी गार आणि ओला. असा हात प्लास्टिकच्या फाइलवर ठेवला की चिकटतो, उचलला की ठसा उमटतो आणि तो ठसा हळूहळू विरताना दिसतो. लाळ कमी होते, जीभ टाळूला चिकटते, "सातवा" हा शब्द नीट उमटत नाही. लघवीची भावना पुन्हा पुन्हा होते. यातून तर एक आख्खी अडचण उभी राहते: तोंड कोरडं म्हणून पाणी प्यायचं, पाणी प्यायलं की खाली जावं लागणार, खाली गेलं आणि नेमका तेव्हाच नंबर आला तर? बाटलीचं झाकण उघडायचं की नाही एवढ्या छोट्या निर्णयात सगळी घालमेल मावते.

आणखी एक बदल लेखकांच्या हातून सुटतो. घाबरलेल्या माणसाचं लक्ष अरुंद होतं. त्याला व्हरांड्यातलं सगळं सारखं दिसत नाही. नोटीस बोर्डावरचा मजकूर तो वाचतो आणि त्याला काहीच कळत नाही, पण समोरच्या माणसाच्या बुटाची सुटलेली नाडी त्याला सतत दिसत राहते. म्हणून व्हरांड्याचं रीतसर वर्णन करू नका. तीन-चार गोष्टी फार जवळून दाखवा आणि बाकीचा व्हरांडा धूसर राहू द्या. त्या तीन-चार गोष्टींतही एक तरी अशी असावी जिचा मुलाखतीशी काही संबंध नाही.

विचाराने कृती हलली पाहिजे, कृतीने विचार

विचार आणि कृती आलटून पालटून ठेवल्या की मिश्रण झालं, असं समजून अनेकजण एक वाक्य विचाराचं, एक वाक्य पाणी पिण्याचं असं लिहीत जातात. वाचताना कृती उपरी वाटते, विचारांच्या मध्ये फक्त दम घ्यायला टाकल्यासारखी. कसोटी सोपी आहे. कृतीचं वाक्य काढून टाका. पुढचा विचार जसाच्या तसा उभा राहिला, तर ती कृती फुकट होती.

उदाहरण बघा. "तिने पदर सारखा केला. २०२०-२१ बद्दल विचारलं तर काय सांगायचं?" पदर काढला तरी काही बिघडत नाही. आता हे: "तिने मान्यतेची पत्रं कप्प्यातून अर्धी बाहेर काढली आणि कडा जुळवल्या. कडा जुळल्या की मधलं एक नाही हे कळत नाही." इथे हात आधी हलला, हाताने केलेल्या गोष्टीतून विचार सुचला आणि त्या विचारात एक लबाडीही आली. याच्या पुढची पायरी म्हणजे विचाराने हात हलवणं: "त्यांनी उलटून बघितलं तर? तिने पत्रं परत आत ढकलली, शोधनिबंधांच्या मागे." साखळी पूर्ण झाली.

क्रमाचंही भान ठेवा. बाहेर काही अचानक घडलं, दार उघडलं, हाक आली, तर आधी शरीर दचकतं, मग विचार येतो, सगळ्यांत शेवटी तोंडातून शब्द. "आपलाच नंबर आला की काय असं वाटून ती दचकून उठली" या वाक्यात विचार आधी आला आणि दचकणं मागे पडलं. "दार वाजलं. ती अर्धी उठली होती. सहा. सहा म्हणाले." यात वाचक तिच्याबरोबर उठतो. संथ क्षणांत हा क्रम मोडला तरी चालतो, धक्क्याच्या क्षणी मोडू नये.

प्रमाणाचा एक ढोबळ अंदाज कामाला येतो. साठ-सत्तर शब्दांहून लांब विचार सलग चालू राहिला की वाचक व्हरांडा विसरतो, म्हणून तेवढ्यात एकदा तरी व्हरांड्यातलं काहीतरी यावं: आवाज, वास, शेजाऱ्याचा प्रश्न, स्वतःचा हात. हा नियम एकदाच मुद्दाम मोडायचा. जिथे तिची भीती सगळ्यांत उघडी पडते, तिथे शंभर-सव्वाशे शब्द विचार अखंड चालू द्या. मग बाहेरच्या हाकेने किंवा तिच्याच कृतीने तो तोडा.

मी, आपण, तू

मराठीत स्वगत लिहिणाऱ्याच्या हातात एक फार चांगलं हत्यार आहे आणि ते बरेचदा वापरलंच जात नाही. मराठी माणूस मनात स्वतःबद्दल बोलताना तीन सर्वनामं वापरतो. वस्तुस्थिती असली की "मी": मी सेट झालेय. समजूत घालायची असली किंवा दोष थोडा पातळ करायचा असला की "आपण": आपण कुठं खोटं बोलतोय, आपल्याला काय माहीत होतं. स्वतःला झापायचं असलं की "तू": अगं, तू कशाला बोलायला गेलीस मध्येच. अस्वस्थता वाढत जाते तशी ही सर्वनामं बदलू द्या. सुरुवातीला "आपण" जास्त, मध्ये "तू", आणि ज्या क्षणी ती खरं मान्य करते तिथे "मी". वाचक हे मोजत बसत नाही, पण बदल त्याला जाणवतो.

दुसरी सोय काळाची. मराठीत कथन भूतकाळात चालू असतानाही विचार जसा मनात आला तसा वर्तमानकाळात ठेवता येतो आणि मध्ये सांधा दिसत नाही. "वैशालीने घड्याळ बघितलं. सव्वाबारा. जेवणाची सुट्टी घेतली तर आपला नंबर दोनच्या पुढे जातो." पहिलं वाक्य लेखकाचं, तिसरं तिचं. "असा विचार तिच्या मनात आला" ही शेपटी लावायची गरज नाही. प्रसंगाच्या सुरुवातीला एकदा लावली तर हरकत नाही, म्हणजे वाचकाला चाल कळते. त्यानंतर प्रत्येक शेपटी लेखकाला पुन्हा व्हरांड्यात आणून उभं करते. विचारांना अवतरणचिन्हंही देऊ नका. अवतरणचिन्हं फक्त तोंडाने बोललेल्याला, म्हणजे "सातवा" हा शब्द बाहेर पडला की नाही हे वाचकाला नक्की कळतं. विचार तिरप्या अक्षरांत टाकण्याची पद्धत देवनागरीत डोळ्यांना त्रास देते, ओळीमागून ओळ तिरपी असेल तर फारच.

भाषा मात्र तिची हवी. कथनाची भाषा प्रमाण ठेवायची असेल तर ठेवा, पण विचारात "कदाचित माझी निवड होणार नाही" असं कुणी म्हणत नाही. "नाहीच घेणार" म्हणतं. ना, च, तरी, म्हणे, म्हणजे, बरं, मग हे छोटे शब्द विचाराला आवाज देतात. "शिपाईमामांनी पाणी दिलं तिला" आणि "शिपाईमामांनी पाणी दिलंच ना तिला" यातल्या दुसऱ्या वाक्यात संशय तयार उभा आहे.

भीती गोल फिरते, पण जागची हलते

अस्वस्थ माणूस त्याच त्या विचारावर परत येतो. हे खरं म्हणून लेखकाने तोच विचार पाच वेळा लिहिला तर वाचक कंटाळतो. त्यासाठी मुख्य भीती प्रसंगात तीनदा येऊ द्या आणि दर वेळी तिचं रूप बदला. पहिल्यांदा ती कामाची गोष्ट म्हणून येते: पत्रं नीट लावली आहेत ना? दुसऱ्यांदा बचाव म्हणून: त्या वर्षी सगळ्यांच्याच तासिका नव्हत्या. तिसऱ्यांदा तिच्यावरचं पांघरूण जातं आणि तपशील बाहेर येतो: हार्डवेअरचं दुकान, खिळे, बिलबुक. तो तपशील पहिल्याच पानावर देऊन टाकला तर पुढे परतायला जागा उरत नाही.

भीतीच्या दोन भेटींच्या मधल्या जागेत घाबरलेलं मन जे उद्योग करतं ते ठेवा. पुन्हा पुन्हा तपासणं. उत्तर मनात घोकणं. इतरांच्या चेहऱ्यांवरून अर्थ काढणं, आणि हा तर मुलाखतीच्या व्हरांड्यातला मुख्य धंदा असतो: आतून आलेला माणूस हसत आला का, किती वेळ आत होता, शिपाई कोणाशी ओळखीने बोलला, जागा आधीच कोणाची तरी ठरलेली आहे का. छोटे सौदे करणं: आता दार उघडलं तर सगळं नीट होईल. हे सगळे एकाच प्रसंगात कोंबू नका. दोन निवडा आणि त्यांना पुरेशी जागा द्या.

आठवणींबद्दल कडक राहावं लागतं. वाट बघण्याच्या प्रसंगात एक पूर्ण परिच्छेद गतकाळात गेला की घड्याळ थांबतं, आणि या प्रसंगाचा सगळा ताण घड्याळावर उभा असतो. आठवण एका वाक्यात, हातातल्या वस्तूच्या आडून आणि शक्यतो अर्धीच द्या. वडिलांचे कष्ट सांगायचे असतील तर ते दुसऱ्या प्रसंगात सांगा.

दुरुस्त खर्डा

आता या सगळ्याचा वापर करून लिहिलेला मधला भाग. पाचवा उमेदवार आत आहे.

«पाचव्या नंबरचे सर आत जाऊन बराच वेळ झाला होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा. वैशालीने मांडीवरची फाइल उचलली, ओढणीला तळवे पुसले, फाइल परत ठेवली. पहिल्या कप्प्यात सेट. दुसऱ्यात एम.ए. मघाशीच बघितलंय. बसमध्येही बघितलं होतं. तिसऱ्यात जातपडताळणी, चौथ्यात मान्यतेची पत्रं. सतरा-अठरा, अठरा-एकोणीस, एकोणीस-वीस, मग एकदम एकवीस-बावीस. तिने पत्रं अर्धी बाहेर ओढून कडा जुळवल्या. कडा जुळल्या की मधलं एक नाही हे कळत नाही. उलटून बघितली तरच कळेल. अकरा जण आहेत. कोण उलटून बघणार?

"मॅडम, तुमचा कितवा?" शेजारच्या सरांनी विचारलं.

"सातवा." जीभ टाळूला चिकटली होती. साव्वा असं काहीतरी बाहेर आलं. सर हसले नाहीत. म्हणजे नीट ऐकू गेलं.

"इथंच आहात का तासिकेवर?"

"नाही."

एवढंच पुरे. मग इथलं कोण आहे? निळ्या साडीतल्या मॅडमनी शिपायाला मामा म्हणून हाक मारली मघाशी. मामा सगळेच म्हणतात. पण मामांनी त्यांना पाणी आणून दिलंच ना, न मागता. वैशालीने पिशवीतून स्वतःची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि थांबली. आत्ताच खाली जाऊन आलो आपण. जिना, कॉरिडॉर, परत जिना. तेवढ्यात सहावा आत गेला तर? तिने झाकण पुन्हा घट्ट लावलं. बाटलीवर ओल्या बोटांचे चार ठसे उठले.

त्या वर्षी वर्गच भरत नव्हते, सर, तासिका नव्हत्या. खरंच आहे हे. सगळ्यांच्याच नव्हत्या. आपण कुठं खोटं बोलतोय.

दार उघडलं. फाइल हातातून निसटता निसटता राहिली. पाचवे सर बाहेर आले आणि कोणाकडे न बघता जिन्याकडे गेले. चष्मा हातात होता. आत चष्मा कशाला काढावा लागला?

"नंबर सहा."

निळी साडी उठली. म्हणजे यानंतर आपण. बरं, मग त्या वर्षी काय केलंत? घरीच होते, सर. अगं, घरी कुठं होतीस तू? घरी म्हटलं की ते म्हणणार, वर्षभर वाचन काय केलंत, एखादा शोधनिबंध? वाचन. साडेनऊला शटर वर, भावोजी यायच्या आत गल्ला मोजायचा, खिळे किलोवर, स्क्रू डझनावर, बिजागऱ्या जोडीवर, आणि बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला विहिरींच्या पातळीचे आकडे उतरवून काढायचे, गिऱ्हाईक आलं की उलटं करून ठेवायचं, एकदा तर तेच पान फाडून बिल म्हणून दिलं एका माणसाला, चार बिजागऱ्या आणि मागे तेरा विहिरी, आणि तो दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला, म्हणाला, ताई, हे तुमचं महत्त्वाचं दिसतंय. मी होते दुकानात. मी बिलं लिहीत होते.

तिने चौथा कप्पा उघडला. फाइलच्या मागच्या खिशातून एक कोरा कागद काढला, एकोणीस-वीस आणि एकवीस-बावीसच्या मध्ये सरकवला आणि वरून बोटाने दाबून बघितला. बाहेर थोडा डोकावत होता. डोकावू दे.

"मॅडम," शेजारचे सर म्हणाले, "पेन आहे का?"

पेन पिशवीच्या तळाशी होतं. ती वाकून शोधत असतानाच»

यावर थोडं बोलू. शेवटच्या लांब विचारात दुकानाचा तपशील आणि विहिरींचे आकडे एकत्र आले आहेत. तिला ज्या वर्षाची भीती वाटत होती त्याच वर्षी तिचं संशोधनही चालू होतं, आणि हे तिला स्वतःलाही लांब वाक्यात वाहत गेल्यावरच सापडतं. ते लेखकाने समजावून सांगितलं असतं, "तिला अचानक आत्मविश्वास आला" असं लिहिलं असतं, तर कोऱ्या कागदाची कृती वाया गेली असती. निर्णय हाताने घेतला आहे. त्या वाक्याची लांबीही मुद्दामच आहे: आधीचे विचार तुटक, चार-सहा शब्दांचे, कारण तपासणारं मन तुटकच चालतं. जिथे ती लपवणं सोडते तिथे वाक्य सैल सुटतं. मग "मी होते दुकानात" हे छोटं वाक्य लगेच टोचतं.

चष्म्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवला आहे. तो सोडवायचा मोह होईल. सोडवू नका, कारण दाराबाहेर बसलेल्याला आतलं कळत नसतं आणि वाचकालाही तिच्याहून जास्त कळू नये.

या खर्ड्यात एक उणीवही आहे. शेजारचे सर दोनदा बोलतात आणि दोन्ही वेळा कथेच्या सोयीसाठी. लांब प्रसंग लिहिणार असाल तर त्यांनाही त्यांची स्वतःची भीती द्या. त्यांनी पेन मागितलं त्याचं कारण त्यांच्या बाजूने खरं असलं पाहिजे, उदाहरणार्थ झेरॉक्सवर सही करायची राहिली आहे. स्वसाक्षांकित प्रतींवरची एखादी सही राहून जाणं हे व्हरांड्यात हमखास घडतं.

दुरुस्ती करताना

खर्डा छापून घ्या आणि दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करा, एक रंग विचाराला, एक कृतीला. एका रंगाचा मोठा पट्टा दिसला की तिथे थांबून ठरवा की तो मुद्दाम आहे की हातून झालाय. रंग अगदी वाक्यागणिक बदलत असतील तर तोही दोषच, तिथे लय यांत्रिक झाली आहे. सगळ्यांत चांगल्या जागा त्या असतात जिथे एखाद्या वाक्याला कोणता रंग द्यावा हे कळत नाही. "डोकावू दे" हे तिने कागदाबद्दल म्हटलं की स्वतःबद्दल, कृती की विचार? अशी दोन-तीन वाक्यं सातशे शब्दांत पुष्कळ झाली.

मग तीन टिंबं आणि उद्गारचिन्हं मोजा. अस्वस्थता दाखवायला टिंबांची रांग लावायची सवय फार पसरली आहे. वरच्या खर्ड्यात ती एकदाही आलेली नाहीत, कारण तुटक विचाराला पूर्णविराम पुरतो, किंबहुना टिंबांपेक्षा जास्त दम लावतो. टिंबांनी विचार विरतो, पूर्णविरामाने तो तुटतो, आणि घाबरलेल्या माणसाचा विचार बहुतेक वेळा तुटतो.

मोठ्याने वाचून बघा. विचाराची वाक्यं तुमच्या तोंडात भाषणासारखी बसत असतील, तर ती पात्राची नाहीत. विशेषतः ज्या वाक्यांत "परंतु", "त्यामुळे", "तथापि" आले असतील ती तपासा. मनात माणूस कारणं जोडत नाही, एकापुढे एक ठेवतो. "वर्ग बंद असल्यामुळे तासिका मिळाल्या नाहीत" हे अर्जातलं वाक्य. "वर्ग बंद. तासिका नाहीत." हे मनातलं.

घड्याळाचा हिशेबही एकदा जुळवा. एका मुलाखतीला पंधरा-वीस मिनिटं धरली तर पाचव्याच्या शेवटापासून सातव्याच्या हाकेपर्यंत तेवढा वेळ हवा. खर्ड्यात निळी साडी आत गेल्यावर एक लांब विचार आणि एक कृती एवढंच येतं. वाचायला मिनिटभर लागतं. हे चालतं, कारण लांब विचारात वेळ गेल्यासारखा वाटतो, पण तुमच्या प्रसंगात तिथे चार संवाद असतील तर वेळ कमी पडतो आणि वाचकाला हाक फार लवकर आल्यासारखी वाटते. अशा वेळी मध्ये एक घड्याळाची नजर किंवा तास संपल्याची घंटा टाका.

शेवट कुठे करायचा हे प्रसंगानंतर काय आहे त्यावर ठरतं. पुढे मुलाखतीचा प्रसंग येणार असेल तर हाकेच्या आधीच, एखाद्या क्षुल्लक कृतीच्या मध्यावर तोडा आणि पुढचा प्रसंग थेट खोलीत, खुर्ची ओढल्याच्या आवाजावर सुरू करा. दारातून आत जाणं लिहिलंत तर ते पुढच्या प्रसंगात पुन्हा लिहावं लागतं. कथा व्हरांड्यातच संपणार असेल, तर मात्र मधेच तोडल्याने वाचक फसवल्यासारखा होतो. तिथे कोऱ्या कागदासारखी, पात्राने स्वतः ठरवून केलेली कृती घडून गेलेली हवी, आणि तिच्यानंतर दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त काही नको. कादंबरीत हाच प्रसंग दीड-दोन हजार शब्दांपर्यंत ताणता येतो, मात्र तेव्हा सुमारे हजाराव्या शब्दाच्या आसपास बाहेरून काहीतरी नवं घडावं लागतं: समिती जेवायला उठते, एखादा उमेदवार न थांबता निघून जातो, किंवा वीज जाते आणि आतलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागतं.